तोतया खात्याची तक्रार करताना

इन्स्टाग्रामवर कोणी तुमचे नाव आणि फोटो वापरून खाते उघडले असेल, तर त्या खात्याला लगेच ब्लॉक करू नका किंवा संदेशही पाठवू नका. सावध झालेला माणूस तुम्हालाच ब्लॉक करतो आणि मग ते खाते तुम्हाला दिसेनासे होते. आधी प्रोफाइलची लिंक, वापरकर्तानाव आणि चोरलेल्या फोटोंचे स्क्रीनशॉट जपून ठेवा.

नवखे लोक बहुधा ‘स्पॅम’ निवडतात आणि तिथेच तक्रार भरकटते. प्रोफाइलवरील तीन ठिपक्यांतून खात्याचीच तक्रार करा, एखाद्या फोटोची नव्हे. कारण म्हणून ‘दुसऱ्याची बतावणी’ आणि पुढे ‘मी स्वतः’ निवडा. इन्स्टाग्रामवर तुमचे खाते नसले, तरी वेगळ्या अर्जाद्वारे ओळखपत्र जोडून तक्रार करता येते. मात्र त्यावरील नाव व चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे. मित्रांकडून शेकडो तक्रारी करवण्यापेक्षा अशी एक नेमकी तक्रार, माझ्या मते, अधिक उपयोगी ठरते.