थकबाकीची यादी ग्रुपवर नको

प्रिय,

ग्रुपवर टाकायला लिहून ठेवलेला तुझा मेसेज वाचला. 'खालील सदस्यांनी मेंटेनन्स भरलेला नाही', त्याखाली सहा फ्लॅटचे नंबर आणि शेवटी जोडलेले हात. ते हात काढलेस तरी चालेल, धार तेवढीच राहते. तुझी चिडचिड कळते. वॉचमनचा पगार तारखेला द्यावाच लागतो आणि खात्यात पैसे नसले की सगळे खजिनदारालाच धरतात. पण थकबाकी हा सोसायटी आणि त्या एका सदस्यामधला व्यवहार आहे. ग्रुपला त्यात ओढू नकोस.

'ज्यांनी भरले त्यांचे आभार' असं लिहून नावं टाकायची युक्तीही नको. वीस फ्लॅटच्या इमारतीत राहिले कोण, हे कुणीही बोटांवर मोजतो. ग्रुपवर फक्त सगळ्यांना सारखं लागू होईल तेवढंच लिही: बिलं पाठवली, शेवटची तारीख ही, भरताना फ्लॅट नंबर टाका. तेही तारखेच्या आधी. तारीख उलटल्यावर 'सर्वांसाठी' टाकलेली सूचना कुणासाठी आहे, हे सगळ्यांना कळतं.

आता तुझ्या यादीतलं पहिलं नाव घेऊ. एप्रिल, मे, जून, दरमहा ३,०००. मेसेज लिहिण्याआधी बँकेचं स्टेटमेंट आणि त्यांचं खातं शेजारी ठेवून बघितलंस का? वयस्कर सदस्यांचे पैसे बरेचदा मुलगा किंवा सून यूपीआयने पाठवते. स्टेटमेंटवर वेगळंच नाव येतं, फ्लॅट नंबर नसतो, अकाउंटंट ती रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून मोकळा होतो आणि पुढच्या बिलावर थकबाकी छापून येते. म्हणून आधी सस्पेन्समधली प्रत्येक रक्कम कुणाची ते शोध. बिलाएवढीच रक्कम दर महिन्याला एकाच अनोळखी नावाने येत असेल, तर तुझा थकबाकीदार बहुधा तिथेच सापडेल. यादी नंतर मागे घेता येते, तिचा स्क्रीनशॉट मागे घेता येत नाही.

पैसे खरंच आले नसतील तर व्याज स्वतः मोज. आदर्श उपविधींप्रमाणे ते सरळव्याज असतं, वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के, आणि दर सर्वसाधारण सभा ठरवते. तुमचा दर १८ टक्के धरला तर ३,००० वर महिन्याला ४५ रुपये. प्रत्येक बिलाची मुदत त्याच महिन्याअखेरची असेल, तर जुलैअखेर एप्रिलचे तीन महिने, मेचे दोन, जूनचा एक, म्हणजे २७० रुपये. व्याजावर व्याज लागलेलं बिल घेऊन तू दारात गेलास, तर भांडण त्या चुकीवरच होईल आणि मूळ ९,००० बाजूला राहतील.

मग फक्त त्यांनाच लिही: 'काका, एप्रिल ते जूनचे ९,००० रुपये आमच्या नोंदीत जमा दिसत नाहीत. भरले असतील तर तारीख आणि व्यवहार क्रमांक कळवा, नोंद दुरुस्त करतो. काही अडचण असेल तर फोन करा.' चार-पाच दिवसांत उत्तर नाही आलं तर तू फोन कर. हप्ते मागितले तर अर्ज घेऊन समितीपुढे ठेव, परस्पर तोंडी कबूल होऊ नकोस. आणि फ्लॅट भाड्याने दिलेला असेल तर भाडेकरूच्या कानावर घालू नकोस, बिल मालकाच्या नावावर आहे.

मला आमच्याकडे 'मवाळ खजिनदार' म्हणत. एका सदस्याची वसुली माझ्या काळात फार लांबली, आणि यादी लावली असती तर पैसे लवकर आले असते, असं अजूनही ऐकवलं जातं. आले असते कदाचित. तरीही मी लावली नसती. ज्याला भरायचंच नाही त्याला ग्रुपची लाज वाटत नाही. लाज वाटते ती नोकरी गेलेल्याला, आणि तो मग सभेलाही येत नाही. एवढंच म्हणणं घेऊन मी समितीत कितीदा एकटा पडलो असेन!

हटून बसलेल्यासाठी ग्रुप नव्हे, कायदा आहे. थकबाकीदारांचा आढावा सचिवाने समितीपुढे ठेवायचा असतो. तिथे नावं जरूर घ्या. नंतर रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस, सोबत खातेउतारा, आणि तरीही पैसे नाही आले तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४बी-२९ खाली वसुली दाखल्यासाठी निबंधकांकडे अर्ज. त्याला बिलांच्या प्रती, ठराव, नोटिशीची पोच लागते, तेव्हा पहिल्या मेसेजपासून सगळं जपून ठेव. पाणी तोडण्याची भाषा समितीत कुणी काढली तर तिथल्या तिथे थांबव.

पैसे आले की त्याच दिवशी पावती पाठव. सोबत 'अखेर' किंवा 'उशिरा का होईना' असला शब्द नको.

तुझा,
माजी खजिनदार