‘पितरौ’ म्हणजे पितर नव्हेत

परवा सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसून तू ‘रघुवंशा’तल्या पहिल्या श्लोकाचा अर्थ दाखवलास. त्यात ‘जगाच्या पितरांना वंदन’ असं लिहिलं होतंस. तो शब्द मराठीतून ओळखीचा वाटतो, म्हणूनच फसवतो.

वागर्थाविव संपृक्तौ वागर्थप्रतिपत्तये।
जगतः पितरौ वन्दे पार्वतीपरमेश्वरौ॥

आधी संधी सोड. ‘वागर्थाविव’ म्हणजे वागर्थौ + इव. औ पुढे स्वर आला की त्याचा आव् होतो. मग शेवटचा ‘औ’ शोधत जा. वागर्थौ, संपृक्तौ, पितरौ, पार्वतीपरमेश्वरौ, सगळीकडे द्विवचन. मराठीत ते उरलेलं नाही, म्हणून आपली नजर त्यावरून घसरते. ‘पितरौ’ म्हणजे माता आणि पिता. दोघांपैकी पितृ शब्द तेवढा उरतो, त्याला एकशेष म्हणतात. पूर्वज म्हणायचे असते तर अनेकवचनी ‘पितॄन्’ आलं असतं.

आता क्रियापदापासून अन्वय लाव. वन्दे: मी वंदन करतो. कोणाला? पार्वतीपरमेश्वरौ, पार्वती आणि परमेश्वर यांना. ते कसे? जगतः पितरौ, जगाचे आईवडील. वागर्थौ इव संपृक्तौ, शब्द आणि अर्थ यांसारखे एकमेकांत मिसळलेले. कशासाठी? वागर्थप्रतिपत्तये, शब्द आणि अर्थ यांचं नीट आकलन व्हावं म्हणून; ही चतुर्थी हेतू सांगते.

भावार्थ: शब्द आणि अर्थ यांचं ज्ञान मिळावं म्हणून, शब्दार्थांसारख्याच नित्य एकरूप असलेल्या जगाच्या मातापित्यांना, पार्वती-परमेश्वरांना, मी वंदन करतो.