इन्चार्ज सिस्टरचं शिफारसपत्र: ‘मेहनती, नम्र, वक्तशीर’ यापुढे काय लिहायचं?

प्रश्न: मी सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज आहे. बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने शिष्यवृत्तीसाठी पत्र मागितलंय. मुलगी खरंच चांगली आहे, पण लिहायला बसले की ‘मेहनती, नम्र, वक्तशीर’ याच्या पुढे गाडी जात नाही.

सिस्टर, आधी तिच्या पोस्टिंगच्या तारखा काढा आणि त्या दिवसांतली एकच ड्युटी आठवा, जेव्हा तिने केलेलं काही तुमच्या डोळ्यांदेखत घडलं. पत्र त्या एका ड्युटीवर उभं करायचं. एका न्यासाच्या निवड समितीवर बसून मी अशी पत्रं वाचली आहेत. तुमचे ते तीन शब्द जवळजवळ प्रत्येक पत्रात असतात, त्यामुळे त्यांवरून दोन मुलींमध्ये निवड करता येत नाही.

माझ्या वॉर्डातलं एक उदाहरण सांगते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण, वजन ६० किलोच्या आसपास. कॅथेटर होता आणि लघवी तासातासाला मोजायची होती. संध्याकाळी ६ वाजता ४० मिली भरली, ७ ला २०, ८ ला १५. मोठ्या माणसाला ताशी दर किलोमागे साधारण अर्धा मिली लघवी व्हायला हवी, म्हणजे या रुग्णाला ३० मिली. ईव्हिनिंगला असलेल्या विद्यार्थिनीने ८ चा आकडा चार्टवर चढवला आणि वरचे दोन आकडे पुन्हा वाचले. मग कॅथेटरपासून युरोबॅगपर्यंत नळी हाताने तपासली. कुठे मुडपली नव्हती, रुग्णाच्या मांडीखाली दबली नव्हती, पिशवीही खाली नीट लटकत होती. तिने पल्स मोजली, ती ११२ भरली. दुपारी ८८ होती. हे सगळं घेऊन ती स्टाफ सिस्टरकडे आली आणि म्हणाली, “सिस्टर, दोन तास लघवी तिसाच्या खाली आहे, नळी मोकळी आहे, पल्स वाढलीय.” डॉक्टरांना लगेच बोलावलं गेलं.

यावरून पत्रातला परिच्छेद असा होईल:

> ‘कु. … ही दि. … ते दि. … असे सहा आठवडे माझ्या वॉर्डात होती. एका ईव्हिनिंग ड्युटीत शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची लघवी सलग दोन तास कमी झाल्याचं तिच्या लक्षात आलं. तिने नळीची तपासणी केली, नाडी मोजून दुपारच्या नोंदीशी ताडून पाहिली आणि तिन्ही गोष्टी स्टाफ सिस्टरला नेमक्या शब्दांत कळवल्या. तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी सहसा आकडा लिहून पुढच्या खाटेकडे जाते. ही आधीच्या आकड्यांकडे परत गेली.’

शेवटची दोन वाक्यं सगळ्यात मोलाची, कारण ती फक्त तुम्हीच लिहू शकता. कितीतरी बॅच तुमच्या हाताखालून गेल्या आहेत, त्यामुळे ‘सहसा’ काय होतं हे तुम्हाला ठाऊक असतं आणि ही तुलना प्राचार्यांच्या पत्रात येऊ शकत नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. रुग्णाचं नाव, खाट क्रमांक, नोंदणी क्रमांक, शस्त्रक्रियेची तारीख यातलं काहीही पत्रात नको. लहान गावात एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो. दुसरं, ‘रुग्णाचे प्राण वाचवले’ असं लिहू नका. तिने पाहिलं, तपासलं आणि वेळेवर सांगितलं. विद्यार्थिनीचं काम तेवढंच आहे आणि तिने ते चोख केलं. ‘आयव्ही इंजेक्शनं स्वतंत्रपणे देते’ असं कौतुक मी एका पत्रात वाचलं होतं. समितीतल्या दुसऱ्या नर्सिंगच्या बाईंनी तिथेच बोट ठेवलं, “म्हणजे देखरेख नव्हती का?” लिहिणाऱ्या सिस्टरने प्रेमानेच लिहिलं असणार, पण त्यातून मुलीवर आणि वॉर्डवर, दोघांवर शंका आली. ‘माझ्या देखरेखीखाली’ हे शब्द विसरू नका.

प्रश्न: माझ्याकडच्या मुलीची औषधाच्या बाबतीत एकदा चूक होता होता राहिली. पत्रात ते लपवलं तर खोटं होईल का?

पत्र म्हणजे घटना-अहवाल नव्हे, त्यामुळे प्रत्येक चूक नोंदवायला तुम्ही बांधील नाही. पण ‘औषधांच्या बाबतीत कधीच चूक नाही’ हे वाक्यही मग लिहायचं नाही. ते खोटं होईल.

खरा प्रश्न आहे तो पुढे काय झालं याचा. तुम्ही सविस्तर पत्रात कळवलंय की शेजारच्या दोन खाटांवर एकाच आडनावाच्या बायका होत्या, हिने गोळी चुकीच्या खाटेशी नेली, बाई म्हणाली “ही माझी नाही,” आणि मुलगी गोळी घेऊन थेट तुमच्याकडे आली. कोणी पाहिलं नव्हतं, तरी आली. त्यानंतर ती प्रत्येक रुग्णाला पूर्ण नाव सांगायला लावून केसपेपरशी ताडून पाहायची, असंही तुम्ही लिहिलंय. माझ्या मते ही तुमच्या पत्रातली सगळ्यात भक्कम गोष्ट ठरेल. मात्र आधी मुलीला विचारा. ती नको म्हणाली, तर फक्त तिची ताडून पाहण्याची सवय लिहा, तीही खरीच आहे. चूक तिने स्वतः सांगितली नसती, दुसऱ्याने पकडली असती, तर मी तुम्हाला पत्र द्यायच्या आधी पुन्हा विचार करायला सांगितलं असतं.

प्रश्न: मी विद्यार्थिनी आहे. सिस्टर म्हणाल्या, “तूच लिहून आण, मी सही करते.” काय करू?

सिस्टरांना फुरसत नसते, त्यांचा राग धरू नकोस. पण पत्र लिहून नेऊ नकोस. स्वतःबद्दल लिहिताना मुली एकतर लाजतात नाहीतर फार चढवतात, आणि एका कॉलेजच्या चार मुलींची पत्रं एकाच साच्यातली निघाली की वाचणाऱ्याला कळतं.

त्याऐवजी एक पान आठवणीसाठी दे. त्यावर पोस्टिंगच्या तारखा, कोणत्या शिफ्ट केल्यास, लॉगबुकात सिस्टरांनी सही केलेल्या प्रोसिजर आणि त्यांच्यासमोर घडलेले दोन-तीन प्रसंग प्रत्येकी दोन ओळींत लिही. सोबत शिष्यवृत्तीची माहिती आणि शेवटची तारीख जोड. मॉर्निंगच्या राउंडच्या वेळी जाऊ नकोस आणि ओव्हर चालू असताना तर नकोच. ओव्हर संपल्यावर, चार्ट लिहून झाले की पाच मिनिटं माग. निदान दोन आठवडे हातात ठेव.

प्रश्न: मुलीच्या घरची परिस्थिती बेताची आहे. पत्रात लिहावं का?

उत्पन्नाचा दाखला अर्जासोबत वेगळा जातो, ते काम त्यालाच करू द्या. घरचं तुम्हाला ऐकून माहीत असतं आणि पत्र तुम्ही पाहिलेल्याचं आहे. पहाटेच्या एसटीने येऊन मॉर्निंगच्या ओव्हरला रोज हजर असायची, हे तुम्ही पाहिलं असेल तर जरूर लिहा. वडिलांचं दारूचं व्यसन, आईचं आजारपण असलं काही नको. अर्ज किती हातांतून जाईल हे तिलाही ठाऊक नसतं.

प्रश्न: पत्र हॉस्पिटलच्या लेटरहेडवर द्यावं का? मराठीत चालेल का?

लेटरहेड आणि शिक्का वापरायच्या आधी मेट्रनना विचारा, विशेषतः सरकारी रुग्णालयात. परवानगी नसेल तर साध्या कागदावर नाव, पद, नोंदणी क्रमांक आणि संपर्क देऊन सही करा. भाषा अर्जात सांगितली असेल ती. सांगितली नसेल तर ज्या भाषेत तुम्हाला तो प्रसंग नीट मांडता येतो ती घ्या. एक पान पुरे.