कोरी जागा आणि शून्य : पावसाच्या वहीवरून एक उत्तर

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. माझ्या वहीतल्या जूनच्या पावसाच्या नोंदींवरून तिने शाळेच्या संगणकावर सरासरी काढणारा लहानसा प्रोग्राम लिहिला. सरासरी 113.2 मिलिमीटर आली, पण ती मला कमी वाटते. तिचे काय चुकले, आणि या आवडीला पुढे कोणती वाट आहे?

उत्तर : आपण सोबत पाठवलेले पाच वर्षांचे आकडे 142, 96, कोरी जागा, 210 आणि 118 असे आहेत. चार आकड्यांची बेरीज 566 होते. मुलीने कोऱ्या जागी शून्य धरले आणि 566 ला पाचाने भागले. त्या वर्षी पर्जन्यमापक फुटला होता, असे आपणच समासात लिहिले आहे. म्हणजे पाऊस पडला होता, तो मोजला गेला नव्हता. म्हणून भागाकार चाराने करायला हवा आणि सरासरी 141.5 येते. तिची बेरीज अचूक आहे, फक्त कोरी ओळ वगळण्याची सूचना प्रोग्रामला द्यायची राहिली आहे :

```python
total = 0
count = 0
for line in open("june.txt"):
    year, mm = line.strip().split(",")
    if mm == "":
        continue
    total += float(mm)
    count += 1
print(total / count)
```

फाइलमध्ये प्रत्येक ओळ `2021,142` अशी असावी आणि न मोजलेल्या वर्षी स्वल्पविरामानंतर काहीही लिहू नये.

खरी अडचण मात्र रोजच्या नोंदींत आहे, आणि ती कोणताही प्रोग्राम सोडवू शकणार नाही. एखाद्या दिवसापुढे काहीच लिहिलेले नसेल, तर त्या दिवशी उघडीप होती की आपण गावाला गेला होतात, हे फक्त आपल्यालाच सांगता येईल. यापुढे कोरड्या दिवशी 0 आणि न मोजलेल्या दिवशी आडवी रेघ लिहावी. संगणकावर उतरवताना मुलीने रेघेच्या जागी कोरी जागा ठेवावी. ज्या जूनमध्ये रेघा बऱ्याच आहेत, त्याची बेरीज खऱ्या पावसापेक्षा कमी भरण्याचा संभव असतो, म्हणून तो महिना सरासरीत धरू नये. मोजणी रोज सकाळी साडेआठला करावी. भारतीय हवामान विभागाची चोवीस तासांच्या पावसाची नोंदही त्याच वेळेची असते, त्यामुळे जवळच्या केंद्राशी तुलना करता येईल. चार वर्षांच्या जूनवरून मात्र पेरणीचा निर्णय घेऊ नये, कारण 96 आणि 210 इतका फरक असताना एकच वर्ष सरासरीला बरेच हलवते. हवामानाची सरासरी साधारणपणे तीस वर्षांच्या नोंदींवर काढतात.

वाटेविषयी माझे मत असे, की अकरावीला विज्ञान शाखा घेताना तिने गणित सोडू नये. जीवशास्त्रही ठेवले, तर बारावीनंतर राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून कृषी पदवीला जाता येते आणि पुढे कृषी हवामानशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेता येते. संख्याशास्त्राची पदवी हा दुसरा मार्ग, आणि त्यासाठीच गणित हवे. निव्वळ संगणकाचा अभ्यासक्रम मी आज सुचवणार नाही, कारण कोड ती स्वतःच शिकते आहे. या सुट्टीत तिने जुन्या वह्या घेऊन आपल्याशेजारी बसावे आणि प्रत्येक कोऱ्या दिवसाचे कारण विचारून लिहून ठेवावे.