एकच टेबल, दोघं भावंडं आणि भिंतीवरचा कागद

प्रश्न: माझी मुलगी आठवीत आहे, मुलगा पाचवीत. अभ्यासाचं टेबल एकच आहे आणि दुसरं ठेवायला जागा नाही. रोज संध्याकाळी त्यावरून भांडण होतं. वेळापत्रक लिहून दिलं तर ते टिकेल का?

टिकतं, पण तुम्ही लिहून दिलं तर टिकेल असं वाटत नाही. मुलांनी समोरासमोर बसून लिहायला हवं. मी आणि माझा धाकटा भाऊ असेच एका टेबलावर वाढलो. आमच्यात तीन वर्षांचं अंतर. मी मोठी, म्हणून टेबल माझं असं मला वाटायचं. तो लहान, म्हणून त्याला आधी मिळावं असं त्याला वाटायचं.

आईने आमच्या हातात एक कोरा कागद दिला आणि दोघांनी मिळून लिहा म्हणाली. आम्ही सरळ निम्मे-निम्मे तास केले: सहा ते साडेसात तो, साडेसात ते नऊ मी. ते आठवड्याभरातच मोडलं. त्याचा गृहपाठ तासाभरात संपायचा, पण वेळ आपली आहे म्हणून तो टेबलाशी नुसता बसून राहायचा. मी पलंगावर वही मांडीवर घेऊन भूमितीच्या आकृत्या काढायचे. पट्टी घसरायची, कंपासचं टोक गादीत जायचं.

मग आईने एकच गोष्ट विचारली: कशाला टेबल लागतं आणि कशाला नाही? त्या प्रश्नाने आमचं वेळापत्रक बदललं. आम्ही आपापल्या कामांच्या दोन याद्या केल्या. गणित, आकृत्या, नकाशे, निबंध, चित्रकला यांना टेबल हवंच. पाठांतर, धडा वाचणं, पाढे, उद्याचं दप्तर भरणं कुठेही होतं. यादी लिहून काढल्यावर दिसलं की त्याला टेबल रोज जेमतेम पाऊण तास लागतं आणि मला दीड तास. तास समान नव्हते, तरी तो चिडला नाही. आकडा त्याच्याच यादीतून आला होता.

नवा कागद असा होता. सहा ते पावणेसात तो टेबलावर, मी खिडकीपाशी वाचन. पावणेसात ते सव्वाआठ मी टेबलावर, तो पाठांतर आणि पाढे. सव्वाआठनंतरचा अर्धा तास रिकामा, ज्याचं काही राहिलं असेल त्याचा. लहान्याला आधी बसवलं, कारण नंतर त्याला झोप यायची. हे कारणही कंसात लिहिलं होतं आणि मला ते फार उपयोगी वाटतं. कारण लिहिलेलं असलं की "तिलाच का, मलाच का" ही तक्रार रोज नव्याने सुरू होत नाही.

खरी भांडणं मात्र मधल्या अदलाबदलीत व्हायची. वेळ संपली की "थांब, एवढंच" सुरू व्हायचं. त्यावर आम्ही नियम लिहिला की हातातलं गणित पुरं करायचं, पण नवं सुरू करायचं नाही. शेवटची पाच मिनिटं आवरण्याची. वह्या उचलायच्या, पेन्सिलीचा कीस पुसायचा, आपलं सामान आपल्या खणात. त्याचा खण डावा, माझा उजवा. ही पाच मिनिटं तुमच्याही कागदावर घालाच. आमची अर्धी भांडणं वेळेवरून नव्हतीच, दुसऱ्याच्या पसाऱ्यावरून होती. घड्याळ दोघांना दिसेल असं समोर लावलं होतं. वेळ आईने ओरडून सांगितली असती, तर ती आईची बाजू झाली असती.

अडचणीही आल्या. एका मंगळवारी दोघांचंही काम मोठं होतं. त्याला नकाशा रंगवायचा होता आणि माझी दुसऱ्या दिवशी गणिताची चाचणी होती. कागदावर याचं उत्तर नव्हतं, म्हणून वाद झाला. शेवटी तो जमिनीवर मोठा पुठ्ठा टाकून बसला आणि मी त्याच्या पाऊण तासात टेबल घेतलं. त्या रात्री आम्ही खाली ओळ वाढवली: उद्या ज्याची परीक्षा त्याला टेबल आधी, आणि घेतलेली वेळ त्याच आठवड्यात परत. परत केलेली वेळ त्यापुढे खूण करून नोंदवायचो. नोंद राहिली नाही, तर दोघांनाही आपणच जास्त दिलं असं वाटत राहतं.

कागद चालत नाही हे कशावरून कळेल? रोज एकाच वेळेला कुरबुर होत असेल, तर ती वेळ चुकीची धरली आहे. मुलांचा स्वभाव काढू नका, तेवढी ओळ बदला. आम्ही दर रविवारी कागद पाहायचो आणि पेन्सिलनेच लिहायचो. शाळेची वेळ बदलली, शिकवणी लागली की नवा कागद.

तुमच्या मुलाला तुमच्या मुलीच्या निम्माच वेळ टेबल मिळालं, तरी घाबरू नका. फक्त तो वेळ त्याने स्वतःच्या यादीवरून स्वतः काढलेला असू द्या आणि कागदावर अक्षर दोघांचंही असू द्या.