व्हिएतनाममध्ये शिवराक जेवण

प्रश्न: डिसेंबरमध्ये आईला घेऊन व्हिएतनामला जातेय. आई पक्की शिवराक. मेनूत नुसती भाजी लिहिलेली असते, पण आत मासळीचा सॉस किंवा हाडांचं पाणी आहे का, हे कसं ओळखायचं?

उत्तर:

मेनूवरून कळत नाही, आणि "यात मासळी आहे का?" असं विचारूनही कळत नाही. बारीक मासे मिठात कित्येक महिने मुरवून गाळलेलं तांबूस पाणी म्हणजे `nước mắm`. तिथल्या स्वयंपाकघरात त्याचा मान मिठाचा. भाजीत मीठ घातलंय हे काय कोणी मुद्दाम सांगतं?

होई आनमध्ये मी फोनवर "मांस नको" याचं भाषांतर दाखवून लसणीवर परतलेली पालेभाजी मागवली. बाईंनी मान हलवली, आणि कढई उतरवता उतरवता बाटलीतून दोन धारा सोडल्या. चूक त्यांची नव्हती. मी दाखवलेल्या शब्दात मासळी येतच नाही. शिजल्यावर वासही मरतो, मी समोर उभा नसतो तर पत्ता लागला नसता.

आपल्याकडे फोंड्याच्या खाणावळीत "नुस्तें नाका" आणि "शिवराक" यांत जो फरक, तोच तिथे आहे. तिथला शिवराक म्हणजे `chay`. उच्चार "चाय"सारखा, फक्त "आ" आखूड आणि सूर सपाट. सूर चढला की त्याचा अर्थ "जळणं" होतो, म्हणून लिहूनच दाखवा. हा बौद्ध परंपरेतला शब्द आहे, त्यामुळे मासळीचा सॉस आणि हाडांचं पाणी दोन्ही आपोआप वगळली जातात. बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नसते, तुमच्या आईंना ते बरंच पडेल.

नकाशावर `quán chay` टाकून शोधा. अशा जागी फलकावर `gà chay` म्हणजे "शिवराक कोंबडी" दिसेल. आईंना आधीच सांगून ठेवा, ते सोयाबीनचं किंवा गव्हाच्या सत्त्वाचं असतं. टेबलावरचं `nước mắm chay` सुद्धा मासळीविना केलेलं असतं.

आपल्या सोमवारासारखे तिथे चांद्रमासाचा पहिला आणि पंधरावा दिवस पाळतात, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. त्या दिवशी एरवी मांस विकणारे गाडेही `chay` पाटी लावतात. जमल्यास लहान गावातला मुक्काम या दिवसांना जुळवा.

साध्या हॉटेलात जावंच लागलं तर हे दाखवा:

```
Tôi ăn chay. Không nước mắm, không nước hầm xương.
```

म्हणजे मी शिवराक आहे, मासळीचा सॉस नको, हाडांचं पाणी नको. परतलेल्या भाजीपुरतं हे चालतं. तिथे फो हे नूडल्सचं सूप मात्र मागवू नका. त्याचं पाणी पहाटेपासून हाडांवर उकळत असतं, वरचे तुकडे काढले तरी वाटीत तेच येतं. `phở chay` खास शिवराक जागीच घ्या, तिथे ते पाणी मुळा, गाजर आणि अळंब्यांचं असतं.