सिरी आणि ब्रोझेक, दोन्ही आकडे वेगळे का येतात?

प्रश्न: बाबांची (वय ६८) आणि माझी (वय २४, कबड्डी खेळतो) बॉडी डेन्सिटी टेस्ट झाली. बाबांची डेन्सिटी १.०२०, फॅट सिरीने ३५.३ टक्के आणि ब्रोझेकने ३३.८. माझी डेन्सिटी १.०८०, सिरीने ८.३ आणि ब्रोझेकने ८.९. बाबांचं सिरीने जास्त आणि माझं ब्रोझेकने जास्त, असं उलटं कसं? मशीनमध्ये गडबड आहे का? कुठला आकडा धरायचा?

उत्तर:

मशीन ठीक आहे. तुमचे चारही आकडे मी आत्ता कॅल्क्युलेटरवर काढून बघितले, बरोबर जुळतात. हे उलटंपालटं येणं त्या दोन सूत्रांतच आहे. मी काही वर्षं अशा टेस्ट घेतल्या आहेत, पाण्याच्या टाकीत वजन करायची पद्धत होती आमच्याकडे, आणि हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरातून यायचा.

आधी सूत्रं समोर ठेवतो, D म्हणजे डेन्सिटी, ग्रॅम प्रति घन सेंटीमीटरमध्ये:

```
Siri:   fat % = 495 / D - 450
Brozek: fat % = 457 / D - 414.2
```

दोन्हींमागची कल्पना एकच आहे. शरीराचे दोन भाग धरायचे, एक चरबी आणि दुसरा चरबी सोडून बाकी सगळं, म्हणजे स्नायू, हाडं, पाणी, अवयव. चरबी हलकी, बाकीचं जड, मग एकूण डेन्सिटी कळली की कुठला भाग किती ते गणिताने निघतं. सिरी (विल्यम सिरी, अमेरिकेतल्या बर्कलीचे शास्त्रज्ञ, सूत्र १९६१ चं) यांनी चरबीची घनता ०.९०० धरली आणि बाकीच्या भागाची १.१००. सूत्रात D च्या जागी १.१ घालून बघा, फॅट शून्य येतं, आणि ०.९ घातलं की शंभर.

ब्रोझेक मूळचे चेक, काम अमेरिकेत मिनेसोटाला, आणि त्यांच्या टीमचं सूत्र १९६३ चं. त्यांनी एक नमुन्याचा माणूस धरला, घनता १.०६४ आणि चरबी १५.३ टक्के, आणि त्या माणसापासून आपण किती लांब आहोत असा हिशोब केला. त्यामुळे रेषेचा उतार थोडा वेगळा पडला. त्या नमुन्याच्या माणसाजवळ दोन्ही सूत्रं जवळजवळ एकच उत्तर देतात, अगदी नेमकं सांगायचं तर १६ टक्क्यांच्या जरा वर दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात. तिथून चरबीच्या बाजूला गेलात की सिरी जास्त सांगतो, सडपातळ बाजूला गेलात की ब्रोझेक जास्त सांगतो. बाबा एका बाजूला, तुम्ही दुसऱ्या बाजूला, बस एवढंच आहे ते उलट येण्यामागे. वयस्कर माणसांत आणि खेळाडूंत हा फरक ठळक दिसतो कारण दोघंही त्या मधल्या बिंदूपासून लांब असतात, वयस्कर चरबी वाढल्यामुळे आणि खेळाडू ती कमी असल्यामुळे.

पण खरं सांगू का, दोन सूत्रांतल्या फरकावर एवढं डोकं लावायची गरज नाही. बाबांच्या बाबतीत तो दीड टक्का आहे, तुमच्यात तर पाऊण टक्काही नाही. एक प्रसंग सांगतो. सत्तरीचे एक काका टाकीत बसले होते, पाण्याखाली जाण्याआधी पूर्ण श्वास सोडायचा असतो, ते बिचारे दर वेळी थोडा रोखून धरायचे, पाण्याची भीती वाटायची त्यांना. काट्यावरचं वजन स्थिर व्हायचंच नाही, बुडबुडे येत राहायचे, सहाव्या-सातव्या प्रयत्नाला कुठे नीट जमलं. आता समजा बाबांचं वजन ७० किलो आहे आणि त्यांच्या छातीत हिशोबात न धरलेली २०० मिली हवा राहिली, पेलाभर फक्त. तर डेन्सिटी १.०२० ऐवजी १.०१७ येते आणि सिरीने फॅट ३५.३ चं ३६.७ होतं. म्हणजे पेलाभर हवा आणि सिरी-ब्रोझेकमधला फरक जवळपास सारखेच. म्हणून आमच्याकडे एकसारखी तीन वाचनं आल्याशिवाय आकडा लिहायचा नाही असा नियम होता.

आता जी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते ती ही, की हे दोघं एका गोष्टीवर एकमत आहेत, आणि गडबड नेमकी तिथेच होते. दोघंही धरतात की चरबी सोडून उरलेल्या भागाची घनता सगळ्यांची सारखीच, १.१०० च्या आसपास. ही घनता आली कुठून? मृतदेहांच्या रासायनिक तपासणीतून, आणि ब्रोझेक यांच्या आकड्यांमागे पुरुषांचे तीनच देह होते, वय २५, ३५ आणि ४६. त्यात म्हातारं कोणी नाही, बाई नाही. त्यांच्यात चरबी सोडून उरलेल्या भागात पाणी सुमारे ७३.८ टक्के, प्रथिनं १९.४ आणि खनिजं (बहुतेक हाडातली) ६.८ टक्के होती. पाण्याची घनता एकच्या जवळ, प्रथिनांची १.३४ आणि खनिजांची तीनच्या आसपास. म्हणजे खनिजं थोडीशीच असतात पण सगळ्यात जड, त्यामुळे त्यांचं प्रमाण जरा हललं तरी सगळा हिशोब हलतो.

बाबांचं उदाहरण करून बघू. वयाबरोबर हाडातली खनिजं कमी होतात, बायकांमध्ये पाळी थांबल्यावर जास्तच. समजा बाबांच्या त्या भागात खनिजं ६.८ ऐवजी ५.८ टक्के आहेत आणि तो एक टक्का पाण्याने भरला आहे. तर त्या भागाची घनता १.१०० वरून साधारण १.०९१ वर येते. आता तीच मोजलेली डेन्सिटी १.०२० घेऊन हिशोब केला तर फॅट ३५.३ नाही, ३२.८ निघतं. ७० किलोच्या माणसात हा पावणेदोन किलोचा फरक झाला. सूत्राला हाड कमी झालंय हे कळतच नाही, त्याला फक्त शरीर हलकं झालेलं दिसतं आणि ते सगळा हलकेपणा चरबीच्या खात्यावर टाकतं. योगायोगाने ब्रोझेक इथे खऱ्याच्या थोडा जवळ पडतो, पण तो वय ओळखतो म्हणून नाही, त्याची रेषा त्या बाजूला खाली आहे म्हणून. सगळ्याच वयस्करांत असंच होतं असंही नाही हं, कोणाची हाडं टिकलेली असतात, कोणाच्या अंगात सूज असते, म्हणून नुसतं वय बघून अडीच टक्के वजा करायचे असं करू नका.

आता तुमचं. खेळाडूंमध्ये हा धक्का दोन्ही बाजूंनी बसू शकतो. ज्यांची हाडं घट्ट असतात त्यांच्या या भागाची घनता १.१०० पेक्षा जास्त असते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पुरुषांसाठी तर १९८४ मध्ये १.११३ धरून वेगळं सूत्र निघालं. अशा खेळाडूची मोजलेली डेन्सिटी १.१०५ आली तर सिरी सांगतो फॅट उणे २ टक्के! ब्रोझेकही उणेच सांगतो. उणे चरबी कोणाला नसते, म्हणजे त्या माणसाला ते गृहीतक लागू नाही हे उघड आहे.

उलट बाजूला वजन उचलून स्नायू फार वाढवलेले लोक. स्नायूत पाऊण भाग पाणी असतं आणि खनिजं अगदी थोडी. स्नायू भराभर वाढतात, हाड तेवढं वाढत नाही, त्यामुळे खनिजांचा वाटा पातळ होतो. १९९६ च्या एका अभ्यासात वेट ट्रेनिंग करणाऱ्या पुरुषांत ही घनता १.०८९ मिळाली होती. म्हणजे तगडा माणूस, आणि सूत्र त्याला खऱ्यापेक्षा जास्त चरबी दाखवणार.

तुमच्या १.०८० वर दोन्ही करून बघतो. तुमची ती घनता १.१०६ असेल तर खरं फॅट साडेदहा टक्के, १.०८९ असेल तर चार टक्के. रिपोर्टवर दोघांसाठी ८.३ च येणार. चार टक्के म्हणजे बॉडीबिल्डर स्पर्धेच्या दिवशी असतो तसं शरीर, पोटावरची कातडी कागदासारखी पातळ, तुम्ही आरशात बघितलंत तर तसं आहे का ते लगेच कळेल. नसेल तर चार टक्क्यांची शक्यता सोडून द्या.

सिरी यांना हे सगळं माहीत होतं. त्यांनी स्वतःच लिहिलंय की डेन्सिटी अगदी अचूक मोजली तरी माणसामाणसातल्या फरकामुळे फॅटच्या आकड्यात चारएक टक्के इकडेतिकडे धरावे लागतात. त्याच कामात त्यांनी अंगातलं पाणी मोजून वापरायचं दुसरं सूत्रही दिलं, पण लोकांनी सोपं तेवढं उचललं. (हे गृहस्थ १९६३ च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेचे उपनेतेही होते.)

तर धरायचं काय? बाबांसाठी एकदा डेक्सा स्कॅन करून घ्या, त्यात हाडातली खनिजं थेट कळतात, आणि ६८ व्या वर्षी हाडांची माहिती तशीही हातात असलेली बरी. फार खोलात जायचं असेल तर डेन्सिटी, हाडं आणि अंगातलं पाणी तिन्ही मोजून चार भागांचा हिशोब करतात, पाणी मोजायला ड्युटेरियमवालं पाणी प्यायला देऊन लघवीचा किंवा लाळेचा नमुना घेतात, पण ते संशोधनाच्या लॅबमध्येच होतं आणि तुम्हाला त्याची गरज मला वाटत नाही.

तुमच्यासाठी कुठलंही एक सूत्र निवडा आणि दर वेळी तेच ठेवा. रिपोर्टवर टक्क्यांशेजारी डेन्सिटीचा मूळ आकडा लिहून मागा, कारण पुढच्या वेळी दुसऱ्या लॅबने दुसरं सूत्र लावलं तरी डेन्सिटीवरून तुम्ही स्वतः हिशोब करू शकाल. टेस्टच्या दिवशी सकाळी प्रॅक्टिस करून, घाम गाळून जाऊ नका. आणि बाबांची टेस्ट वर्षा-दोन वर्षांनी परत केलीत आणि फॅट वाढलेलं दिसलं, पण कंबर तेवढीच, वजन तेवढंच, तर त्यांचं जेवण कमी करायच्या आधी हाडं तपासा.